बिल छापलं जातं, मग गल्ला का उघडत नाही?

गणपतीच्या किंवा आंब्याच्या सीझनआधी कोकणातल्या बऱ्याच दुकानांत बिलिंगचा सेट बदलला जातो. जुना प्रिंटर काढून नवा बसतो, सॉफ्टवेअर अपडेट होतं, काउंटरची जागाही बदलते. सगळं जोडून झालं की बिल झकास निघतं, फक्त खालचा गल्ला ढिम्म हलत नाही. मग गिऱ्हाईक समोर उभं असताना दर वेळी चावी फिरवायची. प्रिंटर बिल छापतोय म्हणजे तो चांगला, तेव्हा ड्रॉवरच बिघडला असणार, असा निष्कर्ष काढून नवा ड्रॉवर मागवणारेही आहेत. खरं तर या तक्रारीत ड्रॉवर क्वचितच दोषी असतो. बहुतेक वेळा गडबड दोन ठिकाणी असते: मधली वायर चुकीची असते, नाहीतर ड्रॉवर उघडण्याचा सिग्नल कुणी पाठवतच नसतं.

ड्रॉवर उघडतो कसा

कॅश ड्रॉवरच्या आत इलेक्ट्रॉनिक असं जवळजवळ काही नसतं. एक स्प्रिंग, खण अडकवून ठेवणारी एक कडी आणि ती कडी ओढणारी एक कॉइल. या कॉइलला सोलेनॉइड म्हणतात. तिच्यातून क्षणभर वीज गेली की आतला लोखंडी दांडा खेचला जातो, कडी सुटते आणि स्प्रिंग खण बाहेर ढकलते. आपल्याला ऐकू येणारा ‘खट्’ आवाज या दांड्याचा.

ही वीज कॉम्प्युटर देत नाही, प्रिंटर देतो. प्रिंटरच्या मागे टेलिफोनच्या सॉकेटसारखं एक सॉकेट असतं, त्यावर ‘DK’ लिहिलेलं असतं किंवा ड्रॉवरचं चित्र असतं. त्यात सहा पिना असतात. एप्सनच्या पद्धतीत, आणि बाजारातले बहुतेक ८० मिलिमीटरचे प्रिंटर तीच पद्धत पाळतात, ४ नंबरच्या पिनेवर २४ व्होल्ट कायम हजर असतात. कॉइलचं एक टोक या पिनेला जोडलेलं, दुसरं टोक २ नंबरच्या पिनेला. प्रिंटरला हुकूम मिळाला की तो २ नंबरची पिन आतून क्षणभर अर्थला जोडतो आणि सर्किट पूर्ण होतं. दारावरच्या बेलसारखंच हे: वीज वायरीत आधीपासून असते, बटण दाबलं तेवढाच वेळ ती वाहते. इथलं बटण म्हणजे प्रिंटरमधला एक छोटा ट्रान्झिस्टर, आणि ते दाबलं जातं साधारण सेकंदाचा विसावा भाग.

उरलेल्या पिनांपैकी ५ नंबरची दुसऱ्या ड्रॉवरसाठी आहे, म्हणजे एका प्रिंटरवर दोन गल्ले चालवता येतात. ३ नंबरवरून ड्रॉवर उघडा आहे की बंद हे प्रिंटरला कळतं. १ आणि ६ अर्थच्या.

एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं तपासता येतं. ४ नंबरचे २४ व्होल्ट कॉइलपर्यंत पोचायला हवेत, कॉइलचं दुसरं टोक २ नंबरला यायला हवं, आणि ती २ नंबरची पिन अर्थला जोडण्याचा हुकूम प्रिंटरला मिळायला हवा.

टेलिफोनची वायर बरोबर बसते, मग चालत का नाही?

बसते, कारण सॉकेट त्याच मापाचं आहे. पण वायर फोनसाठी बनवलेली आहे, आणि तिथेच दोन फसगती होतात.

पहिली, तिच्यात तारा कमी असतात. फोनला दोनच तारा पुरतात, म्हणून पुष्कळ वायरींच्या प्लगमध्ये मधल्या ३ आणि ४ नंबरलाच तार असते. अशा वायरीतून २ नंबरचा सिग्नल ड्रॉवरपर्यंत जाणारच नाही. प्लग प्रकाशात धरून बघा, पारदर्शक प्लॅस्टिकमधून पितळी पट्ट्या आणि त्यांना आलेल्या तारा सरळ मोजता येतात. ड्रॉवरसाठीची वायर सहा तारांची घ्यावी.

दुसरी फसगत जास्त वाईट, कारण ती डोळ्यांना सहज दिसत नाही. फोनची वायर बहुधा उलटी असते, म्हणजे एका टोकाची १ नंबरची तार दुसऱ्या टोकाला ६ नंबरवर जाते, २ नंबरची ५ वर, ३ नंबरची ४ वर. फोनला याने काही फरक पडत नाही. ड्रॉवरला पडतो: ४ नंबरचे २४ व्होल्ट ड्रॉवरच्या ३ नंबरवर येतात, कॉइलला वीज मिळतच नाही आणि ड्रॉवर गप्प राहतो.

सहा तारांची उलटी वायर असेल तर मामला गप्प राहण्यावर थांबत नाही. ड्रॉवरमधली ३ नंबरची पिन उघड-बंद ओळखणाऱ्या स्विचला जोडलेली असते आणि त्या स्विचचं दुसरं टोक ६ नंबरला, म्हणजे अर्थला. उलट्या वायरीत हे दुसरं टोक प्रिंटरच्या १ नंबरवर जातं, तीही अर्थच. आता हा स्विच बंद झाला की प्रिंटरचे २४ व्होल्ट थेट अर्थला शॉर्ट होऊ शकतात. ड्रॉवर जोडला की प्रिंटरच बंद पडतो, वायर काढली की पुन्हा चालू होतो, असं दिसलं तर वायर ताबडतोब बाजूला ठेवा. “परत एकदा लावून बघूया” हा उद्योग इथे प्रिंटरचं बोर्ड घालवू शकतो.

सरळ वायर की उलटी, हे ओळखणं सोपं आहे. वायरीची दोन्ही टोकं एका हातात शेजारी शेजारी धरा, दोन्ही प्लगची तोंडं एकाच दिशेला आणि क्लिपा दोन्ही खाली. डावीकडून उजवीकडे तारांचे रंग दोन्ही प्लगमध्ये त्याच क्रमाने असतील तर वायर सरळ, क्रम उलटा असेल तर उलटी. याच स्थितीत, म्हणजे क्लिप खाली आणि तार आपल्याकडे असताना, डावीकडची पहिली पिन १ नंबरची. सहा तारांची चपटी वायर आणि सहा पिनांचे प्लग कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे मिळतात, त्याला फक्त ‘सहा तारा, दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा’ एवढं सांगा.

इथे एक मर्यादा आहे. सरळ वायर चालते ती ड्रॉवरच्या आतली जोडणी एप्सनच्या पद्धतीची असेल तेव्हाच. स्टारच्या प्रिंटरांत पिनांची मांडणी वेगळी असते, आणि ज्या ड्रॉवरला वायर मागून काढता-घालता येते त्यातल्या काहींना प्रत्येक प्रिंटर कंपनीसाठी स्वतंत्र वायर लागते. ड्रॉवरच्या खालच्या स्टिकरवर जे लिहिलं असेल ते आधी वाचावं आणि मगच वायर करून घ्यावी.

आणखी एक बारीक गोष्ट. ड्रॉवरचा प्लग लॅनच्या सॉकेटपेक्षा अरुंद असतो, त्यामुळे तो लॅनच्या सॉकेटमध्येही शिरतो. काउंटरखाली अंधारात हात घालून जोडताना हे होतंच. आणि उलट बाजूने, बीएसएनएलच्या लँडलाइनची वायर ड्रॉवरच्या सॉकेटमध्ये कधीच घालू नये.

सॉफ्टवेअर सिग्नल देतंय की नाही, हे कसं कळणार?

बिल छापलं गेलं म्हणजे ड्रॉवरचा हुकूमही गेला, असं नाही. ते दोन वेगळे हुकूम आहेत. ड्रॉवर उघडण्याचा हुकूम म्हणजे पाच आकड्यांची छोटी ओळ असते:

```
27 112 0 25 250
```

पहिले दोन आकडे सांगतात की हा ड्रॉवरचा हुकूम आहे. तिसरा आकडा कोणती पिन ते ठरवतो: 0 म्हणजे २ नंबर, 1 म्हणजे ५ नंबर. चौथा आकडा वीज किती वेळ द्यायची ते सांगतो, दोन मिलिसेकंदांच्या हिशोबात, म्हणजे 25 चे ५० मिलिसेकंद. पाचवा आकडा त्यानंतर किती वेळ थांबायचं ते, 250 चे ५०० मिलिसेकंद. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कधी 27,112,48,55,121 असं लिहिलेलं सापडतं. तोही हाच हुकूम आहे, कारण 48 चा अर्थ 0 सारखाच धरला जातो, फक्त वेळा वेगळ्या आहेत.

वायरीचा दोष की सॉफ्टवेअरचा, हे ठरवायचं तर सॉफ्टवेअरला वगळून हा हुकूम थेट पाठवायचा. विंडोजमध्ये प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘Sharing’ मध्ये जाऊन प्रिंटर शेअर करा आणि त्याला POS80 असं साधं नाव द्या. मग पॉवरशेल उघडून या दोन ओळी चालवा:

```
[IO.File]::WriteAllBytes("C:\Users\Public\d.bin",[byte[]](27,112,0,25,250))
cmd /c copy /b C:\Users\Public\d.bin \\localhost\POS80
```

खण उघडला तर वायर, कॉइल, प्रिंटर सगळं ठीक, दोष सॉफ्टवेअरच्या किंवा ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये. नाही उघडला तर पहिल्या ओळीतल्या 0 च्या जागी 1 घालून दोन्ही ओळी पुन्हा चालवा. आता उघडला तर तुमचा ड्रॉवर ५ नंबरच्या पिनेवर आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘Drawer 2’ निवडायला हवं. दोन्ही वेळा शांतता असेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागण्यात अर्थ नाही, वायरीकडे वळा. आणि हुकूम पाठवल्यावर कागदावर एखादं ‘p’ किंवा भलतंच अक्षर उमटलं तर प्रिंटर ही भाषा समजत नाहीये, तो दुसऱ्या कंपनीच्या पद्धतीवर लावलेला आहे. प्रिंटर बंद करून, फीडचं बटण दाबून धरून चालू केला की बहुतेक प्रिंटर स्वतःच्या सेटिंगचा कागद काढतात, त्यावर ही पद्धत छापलेली असते.

ही चाचणी करताना प्रिंटरमध्ये कागद हवा आणि झाकण बंद हवं. कागद संपलेला प्रिंटर हे हुकूम तसेच अडवून ठेवतो, त्यामुळे रोल संपला की गल्लाही उघडत नाही. हा दोष नाही.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजा, मालवणच्या बाजारपेठेत काजू, कोकम, आंबापोळी विकणारं दुकान आहे. जुना प्रिंटर गेला, नवा ८० मिलिमीटरचा आणला. जुन्या प्रिंटरबरोबर ड्रॉवरची वायरही कुठेतरी गेली, म्हणून घरातल्या जुन्या फोनची वायर लावली. बिल येतं, ड्रॉवर नाही.

सगळ्यात आधी चावी बघायची. ड्रॉवरच्या कुलपाच्या बहुधा तीन जागा असतात: पूर्ण बंद, सिग्नलवर उघडणारी आणि हाताने उघडणारी. पूर्ण बंदवर चावी असेल तर ‘खट्’ आवाज येतो पण खण येत नाही. इथे चावी मधल्या जागी, म्हणजे बरोबर आहे, आणि आवाज अजिबात नाही. म्हणजे कॉइलपर्यंत वीजच येत नाहीये.

मग वरच्या दोन ओळी चालवायच्या, आधी 0 घालून, मग 1 घालून. दोन्ही वेळा काहीच नाही. सॉफ्टवेअर सुटलं. वायरीची टोकं शेजारी धरली तर तारा चारच, आणि रंगांचा क्रम उलटा. कारण सापडलं. प्रिंटर बंद करून सहा तारांची सरळ वायर लावली, चालू करून 0 चा हुकूम पाठवला आणि खण बाहेर आला.

इथे बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात. पण दुकानदार बिल करतो आणि ड्रॉवर पुन्हा गप्प! हा दुसरा दोष पहिल्याच्या मागे लपलेला होता. त्यांचं सॉफ्टवेअर ड्रॉवरचा हुकूम स्वतः पाठवत नाही, ते काम विंडोजमधल्या प्रिंटर ड्रायव्हरवर सोपवलेलं आहे. जुन्या ड्रायव्हरमध्ये ‘छपाईआधी ड्रॉवर उघडा’ ही निवड कुणीतरी कधीतरी केली होती. नवा प्रिंटर म्हणजे नवा ड्रायव्हर, आणि त्यात ही निवड ‘उघडू नका’ वर होती. प्रिंटरच्या ‘Printing preferences’ मध्ये ‘Cash Drawer’ नावाचा भाग शोधून तिथे पहिला ड्रॉवर, छपाईआधी उघडा, असं केलं की काम झालं. शब्द कंपनीनुसार बदलतात, जागा साधारण तीच.

छपाईआधी की छपाईनंतर, हा ज्याच्या त्याच्या सवयीचा प्रश्न. गर्दीच्या दुकानात आधी उघडलेला बरा, बिल कापेपर्यंत सुट्टे पैसे हातात येतात. एक तोटा मात्र आहे: ड्रायव्हरमधून उघडायला लावलं की त्या प्रिंटरवर काहीही छापलं, दिवसाचा रिपोर्ट काढला, यूपीआयचं बिल काढलं, तरी गल्ला उघडतो. फक्त रोखीच्या बिलालाच उघडायला हवा असेल तर ती सोय सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. असेल तर ड्रायव्हरमधली निवड बंद ठेवून पाच आकड्यांचा हुकूम सॉफ्टवेअरमध्ये भरावा. दोन्हीकडे चालू ठेवलं तर एका बिलाला दोनदा ‘खट्’ होतं.

‘खट्’ वाजतं पण खण येत नाही

हा वेगळा आजार आहे. सिग्नल पोचतोय, ताकद पुरत नाही किंवा कडी अडकतेय. कोकणात याचं नेहमीचं कारण खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा. कडीवर आणि कॉइलच्या दांड्यावर गंज धरतो, प्लगच्या पितळी पट्ट्या हिरवट पडतात. पट्ट्या कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. कडी पुसून तिला अगदी थोडं मशीन ऑइल लावा, खोबरेल नको, ते घट्ट होतं आणि धूळ धरतं. नाण्यांनी ठासून भरलेला खण, किंवा मागे सरकलेली नोट रुळात अडकणं, ही कारणंही असतात, त्यामुळे आतला ट्रे पूर्ण काढून एकदा बघावंच.

यानंतरही कमी पडत असेल तर वीज देण्याचा वेळ वाढवता येतो. चौथा आकडा 25 ऐवजी 50 करा, म्हणजे १०० मिलिसेकंद. आणखी वाढवत बसू नका. वीज चालू असण्याचा वेळ एकूण वेळेच्या पाचव्या भागापेक्षा जास्त असू नये अशी एप्सनची मर्यादा आहे. १०० मिलिसेकंद चालू आणि ५०० बंद, हे तिच्या आत बसतं. त्यापुढे कॉइल आणि प्रिंटरमधला ट्रान्झिस्टर दोन्ही तापतात.

२४ व्होल्ट सगळीकडे नसतात

दोन इंची छोट्या प्रिंटरांपैकी काही १२ व्होल्टवर चालतात आणि ड्रॉवरलाही तेवढेच देतात. २४ व्होल्टचा ड्रॉवर त्यावर बारीक आवाज करून थांबतो. वायर बदलून याला उपाय नाही, जोडी जुळायला हवी. उलट केलं, म्हणजे १२ व्होल्टचा ड्रॉवर २४ व्होल्टच्या प्रिंटरला लावला, तर तो दणक्यात उघडतो आणि सगळे खूश होतात, पण कॉइलमधून दुप्पट करंट जात असतो. काही दिवसांनी प्रिंटरचा ट्रान्झिस्टर जातो, आणि मग छपाई चालू पण ड्रॉवर कायमचा बंद.

मल्टिमीटर असेल तर हे आधीच कळतं. ड्रॉवरची वायर प्रिंटरमधून काढा, आणि मोकळ्या प्लगच्या २ आणि ४ नंबरच्या पट्ट्यांमधला रेझिस्टन्स मोजा. एप्सनच्या अटीप्रमाणे कॉइल २४ ओहम किंवा जास्त हवी, म्हणजे करंट १ अँपिअरच्या वर जात नाही. मीटरवर १०-१२ ओहम दिसले तर तो ड्रॉवर २४ व्होल्टला लावू नका. काहीच दिसलं नाही, म्हणजे सर्किट तुटलेलं दाखवलं, तर २ आणि ४ ऐवजी ४ आणि ५ मध्ये मोजून बघा, ड्रॉवर कदाचित पाचव्या पिनेवर असेल. तिथेही काही नसेल तर वायर किंवा कॉइल तुटलेली. हे मोजणं प्लगवरच करायचं, चालू प्रिंटरच्या सॉकेटमध्ये मीटरची टोकं खुपसून नाही. तिथे पट्ट्या इतक्या जवळ असतात की हात जरा हलला तर २४ व्होल्ट शेजारच्या पिनेवर जातात.

खानावळीत एक जादा अडचण

हॉटेल-खानावळींत याच सॉकेटवर किचनची बेल जोडायची सोय काही प्रिंटरांत असते, ऑर्डरचा कागद निघाला की आत बेल वाजते. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ही बेल चालू असेल तर त्या सॉकेटवर ड्रॉवर चालत नाही. किचनमधला जुना प्रिंटर काउंटरवर आणून ठेवला की ही गोम हमखास निघते. वायर सरळ, कॉइल ठीक, हुकूम बरोबर, तरी काही नाही, अशा वेळी प्रिंटर कंपनीच्या युटिलिटीमध्ये जाऊन बाहेरची बेल बंद करा आणि प्रिंटर एकदा बंद करून चालू करा. तोवर गल्ला चावीने उघडत राहतोच, म्हणून ती चावी ड्रॉवरच्या आत ठेवू नका.